विश्लेषण : क्लाउडवरील स्वस्त ‘स्पॉट’ मशीन कोणत्या कामाला परवडतात?

क्लाउडवर मशीन भाड्याने घेताना दोन निर्णय करावे लागतात. मशीन कोणत्या प्रकारचे घ्यायचे आणि ते पूर्ण दराने घ्यायचे की ‘स्पॉट’ या सवलतीच्या दराने. एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओचे उदाहरण घेऊन हा हिशेब समजून घेऊ. या स्टुडिओला २,४०० फ्रेम रेंडर करायच्या आहेत.

मशीनच्या नावातून काय कळते?

ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये c6i.4xlarge अशी नावे दिसतात. पहिले अक्षर मशीनची ‘फॅमिली’ सांगते, पुढचा आकडा पिढी आणि त्यानंतरचे अक्षर प्रोसेसर. यात i म्हणजे इंटेल, a म्हणजे एएमडी आणि g म्हणजे ॲमेझॉनचा स्वतःचा आर्म प्रोसेसर. टिंबानंतर येतो तो आकार. 4xlarge आकारात १६ व्हर्च्युअल सीपीयू असतात. c फॅमिलीत त्यांच्यासोबत ३२ जीबी मेमरी मिळते, m मध्ये ६४ आणि r मध्ये १२८. म्हणजे प्रत्येक सीपीयूमागे मेमरी किती, हाच या तीन फॅमिलींमधला मुख्य फरक आहे.

निवड कशी करायची?

एक तास प्रत्यक्ष काम चालवून मोजणे हा सरळ मार्ग. आपल्या स्टुडिओने m मशीनवर चाचणी घेतली. सीपीयू सतत ९५ टक्के व्यग्र होता, पण मेमरी २० जीबीच्या वर गेली नाही. म्हणजे ६४ जीबीचे पैसे वाया जात होते. ३२ जीबीचे c मशीन पुरेसे आहे. उलट सीपीयू निवांत आणि मेमरी काठोकाठ भरलेली दिसली असती, तर r कडे जावे लागले असते. मेमरी कमी पडल्याची खूण म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडणे. ॲमेझॉनच्या देखरेख फलकावर सीपीयूचा आलेख आपोआप दिसतो. मेमरीचा मात्र वेगळा एजंट बसवल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे ही चूक अनेकदा उशिरा लक्षात येते.

‘स्पॉट’ म्हणजे काय?

कंपनीकडे त्या क्षणी रिकामी असलेली क्षमता. ॲमेझॉन यावर ९० टक्क्यांपर्यंत सवलत देते, पण गरज पडताच मशीन परत घेते. त्याआधी दोन मिनिटांची सूचना मिळते. गूगलकडे हा अवधी सुमारे ३० सेकंदांचा असतो.

हिशेब कसा बसतो?

समजा एका फ्रेमला दहा मिनिटे लागतात. म्हणजे एकूण काम ४०० तासांचे. २० मशीन लावली तर २० तासांत संपणारे. पूर्ण दर ताशी ६० रुपये धरला तर बिल २४ हजार रुपये. स्पॉटचा दर २० रुपये धरू आणि या काळात ३० वेळा मशीन काढून घेतली गेली असे मानू. दर वेळी सरासरी अर्धी फ्रेम, म्हणजे पाच मिनिटांचे काम वाया जाते. नवे मशीन सुरू व्हायला आणखी पाच मिनिटे. एकूण तोटा पाच तासांचा. ४०५ तासांचे बिल ८,१०० रुपये होते.

आता हेच काम प्रत्येक मशीनला १२० फ्रेमचा एकच गठ्ठा देऊन केले आणि निकाल शेवटीच साठवला तर? दर खंडाला सरासरी दहा तास वाया जातात, ३० खंडांत ३०० तास. बिल १४ हजारांवर जाते. शिवाय काम लांबले की खंडही वाढतात आणि वेळेचा भरवसा उरत नाही. मशीन परत घेतल्यावर किती काम बुडते, यावरच स्पॉट परवडते की नाही हे ठरते.

काय काळजी घ्यावी?

तयार फ्रेम मशीनच्या डिस्कवर न ठेवता लगेच स्वतंत्र साठवणुकीत पाठवावी. सूचना येताच नवी फ्रेम घेणे थांबवावे आणि अर्धवट फ्रेम पुन्हा रांगेत टाकावी. ज्या कामाचे असे तुकडे पडत नाहीत, त्यात ठरावीक अंतराने प्रगती साठवण्याची सोय हवी.

सगळी मशीन एकाच प्रकारची असतील तर ती एकाच वेळी जाऊ शकतात. म्हणून c6i.4xlarge सोबत c5.4xlarge, c6a.4xlarge असे पर्याय आणि एकाहून अधिक झोन द्यावेत. g मशीन मिसळायची तर रेंडरिंगचे सॉफ्टवेअर आर्मवर चालते का, हे आधी तपासावे.

स्पॉट कुठे नको?

मुख्य डेटाबेस किंवा पैसे भरण्याची सेवा यांसाठी नको; तिथे दोन मिनिटांत सगळे सावरता येत नाही. मुदतीच्या कामातही जपून वापरावे, कारण स्पॉट मशीन मिळेलच याची हमी नसते. आपल्या स्टुडिओला सकाळी फिल्म द्यायची असेल, तर मध्यरात्री किती फ्रेम उरल्या ते पाहावे आणि गती कमी पडत असल्यास उरलेले काम पूर्ण दराच्या मशीनवर हलवावे. १०० तासांचे काम तसे हलवले, तरी साधारण चार हजार रुपयेच वाढतात.