तीन शब्द उचलले आणि गाव बदललं

हे वाक्य वाचा : ‘नावीन्याचा ध्यास आणि गुणवत्तेची कास धरून ग्राहकांच्या सेवेत रुजू होणाऱ्या आमच्या कंपनीला आपले पहिले क्रांतिकारी उत्पादन सादर करताना अतिशय आनंद होत आहे.’ आता सांगा, कंपनीने काय बनवलंय? कुकर, खत की मोबाइल? २२ शब्द संपले आणि हाती एकच बातमी लागली : कंपनीला आनंद झालाय!

नवी छोटी कंपनी पहिलं उत्पादन बाजारात आणते आणि वर्तमानपत्रांना प्रसिद्धिपत्रक पाठवते. त्या पत्रकाचा पहिला परिच्छेद हा भाषेतला एक अजब कारागिरीचा नमुना असतो. कसा, ते करूनच पाहू. समजा, रोह्यातल्या दोघा तरुणांनी एक लहानसं यंत्र बनवलंय. शाडूच्या मूर्तीच्या पाठीला टेकवलं की ते आतली ओल सांगतं. पावसाळी हवेत मूर्ती वरून सुकलेली दिसते, पण पोटात ओल राहते. तशीच रंगवली तर पुढे रंगाचे पोपडे निघतात. पेणच्या कारखानदाराला हे वेगळं सांगायला नको. मग पत्रकाची सुरुवात अशी होईल :

‘पेण, दि. ११ : शाडूची गणेशमूर्ती आतून वाळली की नाही, हे मूर्ती न फोडता सांगणारे यंत्र रोह्यातील दोन तरुणांनी तयार केले आहे. शनिवारी (१३ जून) सकाळी ११ वाजता हमरापूर येथे त्याचे प्रात्यक्षिक होणार असून, यंत्राची किंमत अडीच हजार रुपये आहे.’

पहिलं वाक्य फक्त १८ शब्दांचं. काय, कोणी, कुठलं, कशासाठी, सगळं आलं! आता यावर कात्री चालवा. रात्री उशिरा जाहिरात येते, बातमीची जागा आक्रसते, आणि उपसंपादक मजकूर खालून कापत वर येतो. शिशाचे खिळे जुळवून छापत, तेव्हापासूनची ही रीत : शेवटच्या ओळी काढणं सर्वांत सोपं. दुसरं वाक्य गेलं तरी बातमी जिवंत राहते. पाल शेपूट टाकून निसटते ना, अगदी तशी!

पण खरी गंमत पुढे आहे. हेच पत्रक रोह्याच्या वार्ताहराला पाठवायचंय. त्याच्या वाचकाला मूर्तीतल्या ओलीपेक्षा ‘आपल्या गावची पोरं’ जवळची. मग सगळं नव्याने लिहायचं? छे! ‘रोह्यातील दोन तरुणांनी’ हे तीन शब्द उचला आणि पुढे नेऊन ठेवा :

‘रोहा, दि. ११ : रोह्यातील दोन तरुणांनी शाडूची गणेशमूर्ती आतून वाळली की नाही, हे मूर्ती न फोडता सांगणारे यंत्र तयार केले आहे.’

शब्द तेच १८. एकही वाढला नाही, एकही गळला नाही, तरी बातमी पेणची होती ती रोह्याची झाली! ही किमया कोणाची? ‘तरुणांनी’मधल्या त्या इवल्याशा ‘नी’ची. शाळेत घोकलेली तृतीया विभक्ती ती हीच. करणारा कोण, हे तिने शब्दाच्या अंगावरच शिक्क्यासारखं उमटवलंय. त्यामुळे शब्द कुठेही बसवा, ओळख पुसत नाही. इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांची अशी नुसती अदलाबदल केली, तर अर्थच उलटतो.

मराठीची एक अडचणही आहे. क्रियापद शेवटी येतं. ४० शब्दांचं वाक्य लिहिलंत, तर ‘तयार केले’ की ‘बंद केले’ हे कळेपर्यंत वाचक पुढच्या बातमीवर गेलेला असतो. म्हणून पहिलं वाक्य आखूड, आणि तारीख-वेळ-किंमत दुसऱ्यात.

आणि ते ‘शनिवारी (१३ जून)’ इतकं काटेकोर का? ११ तारखेला पाठवलेलं पत्रक १२ला छापून येईल, कदाचित १३लाही. त्यात ‘परवा’ लिहिलं असतं, तर प्रात्यक्षिक संपल्यावर लोक हमरापूरला पोचले असते. वार आणि तारीख एकत्र लिहिली की एक चुकली तर दुसरी तिला लगेच पकडते.

पत्रक असं बातमीच्या घाटात लिहिण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत १९०६च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली. रेल्वे कंपनीच्या आयव्ही ली यांनी अपघाताचं निवेदन वर्तमानपत्रांना दिलं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसंच्या तसं छापलं. पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणून बहुतेक वेळा त्याचंच नाव घेतात. पत्रक बातमीसारखंच लिहिलं की ते तसंच उचललं जातं, हे तेव्हापासूनचं आहे.

म्हणून आपल्या १८ शब्दांत ‘आम्ही’ नाही, ‘क्रांतिकारी’ नाही, आणि सिद्ध करता न येणारं ‘देशातील पहिले’ही नाही. वार्ताहराला त्यातला एकही शब्द खोडावा लागत नाही. तो फक्त वर पाहतो : ‘पेण’ की ‘रोहा’?