युरो की रुपये? कार्ड मशीनवरचा प्रश्न

पॅरिसच्या दुकानात भारतीय कार्ड लावले की मशीन अनेकदा विचारते : बिल युरोत भरायचे की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच जाते. पण तो पर्याय बहुधा महाग पडतो.

युरो निवडल्यास चलनबदल व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतो आणि हा दर बाजारभावाच्या जवळ असतो. त्यावर भारतीय बँक परकीय चलन शुल्क लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. हिशेबापुरता युरो १०० रुपयांचा धरला, तर १०० युरोंच्या खरेदीला १०,००० अधिक ३५० अधिक ६३, म्हणजे १०,४१३ रुपये पडतात.

रुपये निवडल्यास दर ठरवते दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा, आणि तिचा नफा दरातच मुरलेला असतो. मशीनने १०६चा दर लावला तर बिल थेट १०,६०० होते. व्यवहार रुपयांत असला तरी दुकान परदेशातले, म्हणून अनेक भारतीय बँका यावरही शुल्क घेतात. ते एक टक्का धरले तर जीएसटीसह आणखी १२५ रुपये. शुल्कमुक्त कार्ड असेल तर तोटा अधिकच बोचतो, कारण युरोत तेच बिल १०,०००च राहिले असते.

पिन टाकण्याआधी पडद्यावरचा रुपयांचा आकडा युरोच्या आकड्याने भागावा. दर लगेच कळतो. विक्रेत्याने न विचारता रुपये निवडले असतील, तर व्यवहार रद्द करून युरोत पुन्हा करायला सांगता येते.