लागलेली डुलकी आणि काढलेली डुलकी

रात्रीच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य आपण नेहमी वाचतो: चालकाला डुलकी लागल्याने वाहनावरील ताबा सुटला. याच बातमीत ‘चालकाला झोप लागली’ असे क्वचितच छापलेले असते आणि ‘चालकाने डुलकी काढली’ असे तर कधीच नसते. शब्दांची ही निवड कोणी ठरवून केलेली नाही, पण झोपेच्या अभ्यासकांना मेंदूच्या आलेखात जे फरक दिसतात, त्यातले बरेचसे तिच्यात उतरलेले आहेत.

आधी शब्दांची एक छोटी परीक्षा घेऊ. ‘दोन डुलक्या काढल्या’ हे बरोबर वाटते. ‘दोन झोपा काढल्या’ हे आपण थट्टेनेच म्हणू. डुलकी मोजता येते, झोप मोजायची तर तासांत. ‘गाढ झोप’ म्हणता येते, ‘गाढ डुलकी’ कानाला खटकते. ‘तीन तास झोपलो’ ठीक, ‘तीन तास डोळा लागला’ मात्र नाही, कारण डोळा लागणे ही एका क्षणाची घटना आहे. (डोळा एकवचनीच हवा, हेही गमतीचे आहे. ‘डोळे लागले’ म्हटले की आपण कोणाची तरी वाट पाहत असतो!) ‘पेंगणे’ याच्या उलट. पेंगणारा झोपलेला नसतो आणि जागाही नसतो, तो दोन्हींच्या मध्ये हेलकावे खात असतो. म्हणून ‘तो तासभर पेंगत होता’ हे वाक्य अगदी सरळ वाटते. वामकुक्षी या शब्दात खोली किंवा लांबी यांपैकी काहीच नाही. त्यात आहे ती डावी कूस आणि जेवणानंतरची वेळ. तंद्री तर झोपेच्या घरातून निघून गेलेला शब्द आहे. गणितात तंद्री लागलेला विद्यार्थी पूर्ण जागा असतो.

आता मेंदूकडे वळू. 1937 साली अमेरिकेत लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवून झोपेच्या पायऱ्या प्रथम मांडल्या. आजच्या वर्गवारीत जागेपणाकडून खाली जाताना तीन पायऱ्या येतात. पहिली अगदी उथळ असते. तरुण, निरोगी माणसात रात्रीच्या आरंभी ती एक ते सात मिनिटे टिकते. तिच्यात डोळे बुबुळांसकट सावकाश इकडून तिकडे फिरू लागतात आणि स्नायू सैल पडतात. बसलेल्या माणसाची मान आधार सोडते, डोके पुढे झुकते आणि दचकून परत वर येते. ‘डुलणे’ या क्रियापदावरून डुलकी झाली, ती याच हालचालीमुळे. दुसरी पायरी दहा ते पंचवीस मिनिटांची. तिसरी म्हणजे गाढ झोप. तिच्यात मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात, आणि ती वीस ते चाळीस मिनिटे टिकते.

पहिल्या पायरीचा एक गुण फार महत्त्वाचा आहे. तिच्यातून जागे केलेला माणूस पुष्कळदा सांगतो की मी झोपलोच नव्हतो. दुपारच्या तासाला बाकावर पेंगणाऱ्या मुलाला हटकले तर तो म्हणतो, ‘नाही सर, ऐकत होतो.’ तो खोटे बोलतोच असे नाही. झोप सुरू झाल्याची खूण मेंदू नीट साठवून ठेवत नाही, आणि मधली काही सेकंदे कोरी राहतात.

वर्गात या कोऱ्या सेकंदांनी फारसे बिघडत नाही. पण आपल्या शहराच्या उशाशी समृद्धी महामार्ग आहे. तिथे मोटारीसाठी ताशी 120 किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे 33 मीटर. चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी 130 मीटरांहून अधिक अंतर कोणीही न चालवता जाते. विद्यार्थ्यांना हे गुणाकार जरूर करायला द्यावेत. रस्ता सरळ आणि एकसुरी असला की ही डुलकी अधिक सहज लागते, आणि डोळे उघडे असतानाही ती लागू शकते. ‘उथळ’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा अर्थ आपण शब्दाला चिकटवतो, तो इथे फसवा ठरतो. झोप खोल आहे की नाही याने चालकाला फरक पडत नाही. बाहेरचे दिसणे-ऐकणे थांबले एवढे त्याला पुरे होते.

या डुलकीवर खिडकी उघडणे किंवा गाणी मोठ्याने लावणे यांचा परिणाम थोडा वेळच राहतो. खरा उतारा म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवून डुलकी काढणे. लागणारी गोष्ट आपल्या हातात नसते. भूक लागते, ठेच लागते, तशी झोप लागते. काढणारी गोष्ट मात्र आपण ठरवून करतो, आणि तिची लांबीही ठरवू शकतो. समजा, चालक दीड वाजता थांबला. पंधरा-वीस मिनिटांनी उठला तर तो बहुधा दुसऱ्या पायरीवर असतो आणि ताजातवाना होतो. तोच पन्नास मिनिटांनी उठला तर तिसऱ्या पायरीवरून खेचून काढला जाण्याची शक्यता मोठी असते. मग डोके जड राहते, हालचाल मंद होते, आणि ही सुस्ती जायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागू शकतो. तेवढा वेळ स्टिअरिंगला हात न लावणे बरे. आडवे होण्यापूर्वी चहा किंवा कॉफी घेतली तर तिचा परिणाम सुरू होईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो, म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक ठरतात. याला मर्यादा आहे. दोन-तीन रात्री जागरण झालेल्याचा मेंदू पायऱ्या झपाट्याने उतरतो, आणि त्याच्या वीस मिनिटांच्या ‘डुलकी’तही गाढ झोप शिरते. अशाने डुलकी नव्हे, रात्रभराची झोप घ्यायला हवी.

आपली झोप किती तुंबली आहे हे अजमावण्याची एक घरगुती रीत शिकागोचे संशोधक क्लाइटमन यांच्या नावाने सांगितली जाते. दुपारी अंधाऱ्या खोलीत पलंगाच्या कडेला आडवे व्हावे, हातात स्टीलचा चमचा धरून हात बाहेर सोडावा आणि खाली ताट ठेवावे. घड्याळ पाहून डोळे मिटावेत. स्नायू सैल पडले की चमचा ताटात पडतो आणि आवाजाने जाग येते. पुन्हा घड्याळ पाहावे. प्रयोगशाळेतील चाचणीत झोप लागायला सरासरी पाच मिनिटांहूनही कमी वेळ लागला तर ती तीव्र झोपाळूपणाची खूण मानतात. चमच्याची रीत तेवढी काटेकोर नाही, कारण कोणाची मूठ उशिरा सुटते.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना या फरकाचा उपयोग होईल. काढलेली डुलकी ती ‘नॅप’, लागलेली ती ‘डोझ’. ‘स्नूझ’ हलकी आणि थोडा वेळाची. गजराच्या बटणामुळे तो शब्द आता मुलांनाही ठाऊक आहे. ‘स्लंबर’ची गोष्ट वेगळी. जुन्या इंग्रजीत त्याच्या मुळाचा अर्थ हलकी झोप असाच होता, पुढे कवींनी तो शांत, गाढ निद्रेसाठी वापरून त्याची खोली बदलली.

आपल्याकडे असाच चकवणारा शब्द म्हणजे साखरझोप. ती मोडली की फार जिवावर येते, म्हणून ती सर्वांत गाढ असावी असे वाटते. प्रत्यक्षात गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागातच संपतो. पहाटे भर असतो तो स्वप्नांच्या झोपेचा, जिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात. 1953 साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती नोंदवली. शिवाय पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते आणि शरीराचे घड्याळच उठू नको म्हणत असते. साखरझोपेतली साखर खोलीची नाही, वेळेची आहे. पहाटेच्या त्याच तासांत रस्त्यावर असलेल्या ट्रकचालकाच्या शरीरातही तेच घड्याळ चालू असते.