सीमेवरचा जवान कुणाच्या हुकमात?

२३ एप्रिल २०२५. पहलगामचा हल्ला होऊन जेमतेम एक दिवस उलटला होता. पंजाबात फिरोजपूरजवळ सीमा सुरक्षा दलाचा एक जवान शेतकऱ्यांच्या सोबतीला होता. चालता चालता नकळत त्याचं पाऊल सीमेपलीकडे पडलं आणि पाकिस्तान रेंजर्सनी त्याला ताब्यात घेतलं. एरवी अशी चूक लवकर निस्तरली जाते. या वेळी मध्ये युद्धासारखे दिवस आले. १० मे रोजी गोळीबार थांबला आणि १४ मे रोजी अटारीच्या फाटकातून तो परत आला.

त्या दिवसांत बातम्या वाचताना अनेकांनी त्याला ‘लष्कराचा जवान’ म्हटलं. तो लष्कराचा नव्हता. रेंजर्सकडे ‘फ्लॅग मीटिंग’ मागत होते तेही सीमा सुरक्षा दलाचेच अधिकारी होते. हा फरक केवळ गणवेशाचा नाही. सीमेवर माणूस काय काम करतो, कोणत्या कायद्याने करतो आणि अडचण आली की कुणाकडे पाहतो, हे सगळं त्यावर ठरतं.

त्याच्या त्या दिवसाच्या कामापासूनच सुरुवात करू. पंजाबात काटेरी तारेचं कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेवर नाही, ते आपल्या बाजूला बरंच आत आहे. कुंपण आणि सीमारेषा यांच्यामध्ये जी जमीन उरते ती भारताचीच आणि भारतीय शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. ती कसायची तर कुंपणातलं फाटक ठरलेल्या वेळी उघडावं लागतं. शेतकऱ्याचं ओळखपत्र तपासतात, नाव नोंदवतात, ट्रॅक्टरची झडती घेतात. मग जवान त्यांच्याबरोबर पलीकडे जातात आणि काम संपेपर्यंत शेतात उभे राहतात. या जवानांना तिकडे ‘किसान गार्ड’ म्हणतात. सीमारेषेवर भिंत नसते, दगडी खांब असतात आणि मध्ये पीक डोलत असतं. पाऊल चुकायला तेवढं पुरतं.

सैनिकाचं प्रशिक्षण या कामासाठी झालेलं नसतं. सैन्य शत्रूच्या सैन्याशी लढायला असतं, म्हणून शांततेच्या काळात आंतरराष्ट्रीय सीमेपासून मागे, आपल्या छावण्यांत असतं. सीमेवर मात्र रोज समोर येतात ती माणसं: शेतकरी, गुराखी, तस्कर, चुकून आलेला म्हातारा, मुद्दाम आलेला घुसखोर. यातला कोण कोणता हे ओळखणं आणि प्रत्येकाशी कायद्यात बसेल तसं वागणं, हे सीमा दलाचं खरं काम.

हे वेगळं दल का उभारावं लागलं, याचं उत्तर कच्छच्या रणात आहे. १९६५ पर्यंत पाकिस्तानची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळत. राजस्थानची पद्धत वेगळी, गुजरातची वेगळी, पंजाबची आणखी वेगळी. ९ एप्रिल १९६५ ला पाकिस्तानी लष्कराने कच्छमधल्या सरदार पोस्टवर हल्ला चढवला. तिथे केंद्रीय राखीव पोलीस आणि गुजरात राज्य राखीव पोलीस होते. ते शौर्याने लढले. पण अख्ख्या सीमेवर पोलिसांच्या तुकड्या वेगवेगळ्या हुकमाखाली विखरून ठेवणं धोक्याचं आहे, हे दिल्लीला कळून चुकलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दल स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी हे पोलीस अधिकारी होते. त्यांचा जन्म आपल्या नागपूरजवळच्या कामठीचा. पुढे समुद्राच्या गोष्टीतही हे नाव पुन्हा भेटेल.

प्रमुख म्हणून सेनाधिकारी न नेमता पोलीस अधिकारी नेमला, यातच या दलाचं स्वरूप ठरलं. दल गृह मंत्रालयाकडे गेलं, सैन्य संरक्षण मंत्रालयाकडे राहिलं. आजही सीमा सुरक्षा दलाचा महासंचालक भारतीय पोलीस सेवेतून येतो. हुद्देही पोलिसी: कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, सब-इन्स्पेक्टर, इन्स्पेक्टर. त्यापुढे असिस्टंट कमांडंट, कमांडंट असे चढत जातात. सैन्यात मात्र शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार. दलातच घडलेल्या अधिकाऱ्यांना वरच्या जागा मिळत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत बाहेरून येणाऱ्या पोलीस सेवेच्या अधिकाऱ्यांच्या जागा टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं.

आता अधिकारांकडे येऊ, कारण सर्वसामान्य माणसाचा गोंधळ इथेच होतो. समजा, पंजाबातल्या एका शेतात रात्री ड्रोनने हेरॉईनचं पाकीट टाकलं आणि ते उचलायला आलेला माणूस जवानांच्या हाती लागला. सैनिकाकडे नेहमीच्या परिस्थितीत अशी अटक करण्याचा अधिकार नसतो. तो विशेष कायदा लागू असलेल्या भागातच मिळतो. सीमा सुरक्षा दलाला मात्र १९६८ च्या त्यांच्या कायद्याच्या कलम १३९ खाली केंद्र सरकार असे अधिकार देऊ शकतं. म्हणून जवान झडती घेतात, पाकीट जप्त करतात, पंचनामा करतात, माणसाला पकडतात. पण इथून पुढे त्यांचा हात थांबतो. गुन्हा नोंदवणं आणि तपास करणं हे पोलिसांचं किंवा त्या विषयाच्या तपास यंत्रणेचं काम. आरोपी आणि माल त्यांच्या ताब्यात द्यावा लागतो आणि अटकेपासून २४ तासांच्या आत आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा राहायला हवा. खटला चालतो तेव्हा पकडणारा जवान साक्षीदार असतो. जप्तीच्या कागदात वेळ चुकली किंवा माल सोपवताना मोहोर नीट नसली, तर सीमेवर जिवावर उदार होऊन केलेली कामगिरी न्यायालयात निसटू शकते. म्हणून या दलात बंदुकीइतकीच लेखणीही सरळ चालावी लागते.

हा अधिकार सीमेपासून किती आतपर्यंत चालावा, यावर राज्यांशी खटके उडतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये ही पट्टी १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर केली आणि गुजरातमध्ये ८० वरून ५० वर आणली. पंजाब सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय असल्यामुळे हा वाद उभा राहतो. केंद्राचं सशस्त्र दल पोलिसांसारखं काम करू लागलं की राज्याच्या पोलीस ठाण्याशी त्याची सीमा कुठे आखायची, हा प्रश्न सुटत नाही.

मग युद्ध झालं तर? आणि जम्मू-काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर काय? इथे एक शब्द नीट समजून घ्यावा लागतो: ‘ऑपरेशनल कंट्रोल’. नियंत्रण रेषा ही मान्य झालेली आंतरराष्ट्रीय सीमा नाही. तिथे दोन्ही बाजूंना लष्कर समोरासमोर आहे. तिथल्या सीमा सुरक्षा दलाच्या तुकड्या लष्कराच्या ऑपरेशनल कंट्रोलखाली असतात. म्हणजे जवानाचा पगार, बढती, शिस्तीचा कायदा सगळं त्याच्याच दलाचं आणि गृह मंत्रालयाचं. पण कोणत्या चौकीवर उभं राहायचं, गस्त कुठून घालायची, गोळीबाराला उत्तर कधी द्यायचं, हे लष्करी कमांडर ठरवतो. युद्धकाळात आंतरराष्ट्रीय सीमेवरच्या तुकड्याही अशाच लष्कराच्या हुकमात येतात. म्यानमारच्या सीमेवरच्या आसाम रायफल्समध्ये ही विभागणी कायमचीच आहे: प्रशासन गृह मंत्रालयाचं, लढाऊ नियंत्रण लष्कराचं आणि महासंचालक लष्करातला लेफ्टनंट जनरल.

चीनच्या बाजूला मात्र गाठ सुटलेली नाही. तिथे भारत-तिबेट सीमा पोलीस गृह मंत्रालयाच्या हुकमात आहेत आणि त्याच भागात लष्कर संरक्षण मंत्रालयाच्या हुकमात. दोघे एकत्र गस्त घालतात. तरीही या पोलिसांचं ऑपरेशनल कंट्रोल आपल्याकडे असावं, अशी लष्कराची जुनी मागणी आहे. माझ्या मते ती योग्य आहे. जिथे समोर परक्या देशाचं सैन्य उभं आहे, तिथे हुकूम एकाचाच चालायला हवा. जिथे समोर शेतकरी आणि तस्कर आहेत, तिथे पोलिसी दलच बरं.

समुद्रावर हेच गणित उलट सुटलं. १९६० च्या दशकापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची आणि परदेशी मालाची तस्करी जोरात होती. सीमाशुल्क खात्याकडे वेगवान नौका नव्हत्या आणि तस्करांच्या होड्यांमागे नौदलाची महागडी युद्धनौका पाठवणं परवडणारं नव्हतं. १९७४ मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष तेच कामठीचे रुस्तमजी. वेगळं तटरक्षक दल हवं आणि ते संरक्षण मंत्रालयाखाली हवं, असं समितीने सांगितलं. एका पोलीस अधिकाऱ्याने हे सुचवावं याची मला मोठी किंमत वाटते. कॅबिनेट सचिवांचा कल गृह मंत्रालयाकडे होता, पण इंदिरा गांधींनी समितीचं म्हणणं उचलून धरलं. १ फेब्रुवारी १९७७ ला नौदलाकडून मिळालेल्या दोन फ्रिगेट आणि पाच गस्ती नौकांवर काम सुरू झालं आणि १९७८ मध्ये त्यासाठी कायदा झाला.

कारण व्यवहारी होतं. जहाजं, गोदी, हेलिकॉप्टर, प्रशिक्षण, सगळं नौदलाकडे होतं. ते पुन्हा शून्यातून उभारण्यात अर्थ नव्हता. आजही तटरक्षक दलाचे अधिकारी केरळात एळिमला इथल्या नौदल अकादमीत घडतात. तरी काम नौदलाचं नाही. युद्धनौका राखाडी असते, तटरक्षक दलाची नौका पांढरी असते आणि तिच्या अंगावर तिरका पट्टा असतो. लांबूनच ओळखू यावी, हा त्यामागचा हेतू. बुडणाऱ्या होडीला वाचवणं, तेलाचा तवंग आवरणं, परदेशी मासेमारी नौका पकडणं, सीमाशुल्क खात्याला मदत करणं, ही तिची रोजची कामं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत ती चालतात.

पण हुकूम कुणाचा हे इथेही नीट ठरलेलं नव्हतं. त्याचा भुर्दंड मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ ला भरला. खोल समुद्रात नौदल, त्याच्या अलीकडे तटरक्षक दल, किनाऱ्यालगत राज्याचे सागरी पोलीस अशी तीन कडी होती. दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका पळवली. भारतीय नौका, भारतीय नोंदणी. ती तिन्ही कड्यांतून मुंबईजवळ पोहोचली आणि रबरी होडीतून दहा जण कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. २००९ मध्ये सरकारने रचना बदलली. समुद्राच्या एकूण सुरक्षेची जबाबदारी नौदलावर आली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पट्ट्यात तटरक्षक दल जबाबदार झालं, सागरी पोलीस गस्त घालतात तो भागही त्यात धरून. मुंबईत तिघांना जोडणारं संयुक्त केंद्र उभं राहिलं.

तेव्हापासून आपल्या कोळीवाड्यांनी त्याचा त्रासही सोसला आहे. समुद्रात होडी थांबवतात, तटरक्षक दलाचे लोक चढतात, नोंदणी क्रमांक पाहतात, प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र मागतात, मासळीचा कप्पा उघडायला लावतात. मासे उतरवायची घाई असते तेव्हा याचा राग येणं साहजिक आहे. पण ‘कुबेर’वर हीच तपासणी झाली असती, तर पळवलेली नौका उघडी पडण्याची संधी होती.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि समुद्रावर जाणाऱ्या वाचकांनी दोन क्रमांक फोनमध्ये ठेवावेत. संकटात सापडलात किंवा अनोळखी नौका दिसली, तर तटरक्षक दलासाठी १५५४ आणि सागरी पोलिसांसाठी १०९३.