सकाळचा दीड तास नव्या ग्राहकांचा

भोसरीच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनसाठी कार्बाइड इन्सर्ट विकणाऱ्या एका सेल्स इंजिनिअरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेनऊला ती लॅपटॉप उघडते. जुन्या ग्राहकाला सुधारित कोटेशन हवंय, अकाउंट्सला एका बिलावरचा जीएसटी नंबर तपासून हवाय, साहेबांना परवाच्या व्हिजिटचा रिपोर्ट हवाय. सगळी कामं खरी आहेत आणि प्रत्येकामागे वाट पाहणारं माणूस आहे. ज्या कारखान्यांना तिनं अजून फोनच केलेला नाही, तिथं मात्र तिची वाट कुणीच पाहत नाही. म्हणून तो फोन दुपारवर जातो आणि दुपारचा उद्यावर.

याचं नुकसान लगेच दिसत नाही, हे सगळ्यात घातक. नव्या कारखान्यात पहिला फोन, भेट, मशिनवर ट्रायल, भावाची घासाघीस आणि मग पीओ, यात तीन महिने सहज जातात. जूनमध्ये न केलेल्या फोनांचा खड्डा सप्टेंबरच्या टार्गेटमध्ये पडतो, आणि तेव्हा खापर बाजारावर फुटतं.

टाइम ब्लॉकिंग म्हणजे दिवसाचे तास आदल्या दिवशीच कामांना वाटून टाकायचे. आपल्या इंजिनिअरनं १० ते ११.३० हा वेळ नव्या ग्राहकांच्या फोनसाठी ठेवावा. शिफ्ट सुरू होतानाची धावपळ तोवर संपलेली असते आणि प्रॉडक्शन मॅनेजर किंवा मालक फोनवर सापडू शकतो. दुसऱ्या धंद्यात ही वेळ वेगळी असेल. समोरचा माणूस जागेवर कधी असतो, त्यावरून ती ठरवायची.

एका फोनला, त्यानंतरच्या ओळभर नोंदीसह, चार मिनिटं धरली तर दीड तासात वीस-बावीस फोन होतात. त्यातले बरेच उचललेच जात नाहीत, काही रिसेप्शनपाशी अडतात. म्हणून पंचवीस नावांची यादी आदल्या संध्याकाळीच तयार हवी: कारखाना, कुणाशी बोलायचं, नंबर आणि फोन करण्याचं कारण. ‘स्टेनलेस स्टीलचे पार्ट करतात, नवीन टर्निंग सेंटर घेतलंय’ एवढंही पुरतं. माझ्या मते बहुतेकांचा ब्लॉक इथंच फसतो. यादी नसली की पहिला पाऊण तास वेबसाइट चाळण्यात जातो. काम केल्याचं समाधान मिळतं, पण एकाही माणसाशी बोलणं झालेलं नसतं.

ईमेलला स्वतःची हक्काची जागा दिली तरच तो या वेळेत घुसत नाही. तो ११.३० आणि ४.३० ला पाहायचा, कोटेशन दोन ते साडेतीनमध्ये करायची. मध्येच एक मेल उघडून परत फोनकडे वळलं, तरी मन काही वेळ त्या मेलमध्येच घुटमळतं. अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केलं: अर्धवट सोडलेलं काम पुढच्या कामातलं लक्ष खातं. अनोळखी माणसाशी बोलताना हे समोरच्याला आवाजातूनच कळतं. भोसरीत बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. रिपोर्ट, खर्चाची बिलं, सीआरएममधली सविस्तर माहिती यांसाठी तोच दिवस योग्य.

तरीही ग्राहकाची मशिन बंद पडेल, गाडी नाक्यावर अडकेल. अशा वेळी ब्लॉक मोडावाच लागतो. खरी तातडी असेल तर फोन करा, बाकी सगळं मेलवर, एवढं ऑफिसशी आणि जुन्या ग्राहकांशी आधीच बोलून ठेवावं. मोडलेला ब्लॉक त्याच दिवशी साडेतीनला भरून काढायचा. त्यासाठी साडेतीन ते साडेचार हा तास मुद्दाम मोकळा ठेवायचा. दुपारच्या भेटीही त्यापुढे लावायच्या.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. स्वतःहून आलेली नवी चौकशी हीदेखील नव्या ग्राहकाचंच दार असते आणि तो एव्हाना दुसऱ्या पुरवठादारांनाही विचारत असतो. तिला साडेचारपर्यंत ताटकळत ठेवू नये. त्या दीड तासात चौकशीचा मेलबॉक्स सहकाऱ्यानं बघावा. ज्यांचा धंदा मुख्यतः अशा चौकशांवरच चालतो, त्यांनी तर आपला ब्लॉक त्यांनाच तत्परतेनं उत्तर देण्यासाठी ठेवावा.

हे जमतंय की नाही, ते शनिवारी दोन आकड्यांवरून कळतं. पाचांपैकी किती ब्लॉक पूर्ण झाले आणि निर्णय घेणाऱ्या किती माणसांशी प्रत्यक्ष बोलणं झालं? ब्लॉक पाचही पूर्ण, पण बोलणं एक-दोघांशीच, असं सलग दोन आठवडे झालं तर वेळ किंवा यादी चुकतेय. ब्लॉकच दोन-तीन होत असतील तर ते कुणी मोडले ते लिहून काढावं. त्यात अनेकदा वरिष्ठांचंच नाव निघतं. सेल्स मॅनेजरांना म्हणून विनंती: दहाची रिव्ह्यू मीटिंग संध्याकाळी पाचला घ्या.