साठ मार्कांची सवलत, तीन अटेंप्टची मुदत

माझी पुतणी मे महिन्यात सीए इंटरमीजिएटच्या पहिल्या ग्रुपला बसली. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमध्ये ६६, लॉमध्ये ३८, टॅक्सेशनमध्ये ४२. ग्रुप गेला. तरी फोनवर तिचा आवाज मोकळा होता. "काका, अकाउंट्सला एक्झम्प्शन लागली!"

ग्रुप सुटायला दोन अटी असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही पेपर मिळून निम्मे, म्हणजे १५० मार्क. ग्रुपचे सगळे पेपर दिले, ग्रुप सुटला नाही, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त पडले, तर तो पेपर पुढच्या तीन परीक्षांना द्यावा लागत नाही. त्याचे मार्क मात्र बेरजेत धरले जातात, आणि पोरं नेमकी हीच गोष्ट विसरतात. पुतणीचे ६६ जमा आहेत, म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून तिला ८४ हवेत. लॉमध्ये ४१ आणि टॅक्समध्ये ४२ पडले तर बेरीज १४९ होते आणि एका मार्काने ग्रुप पुन्हा जातो. अकाउंट्समध्ये नेमके ६० असते तर ९० लागले असते. म्हणून फक्त चाळिशी गाठण्याचा अभ्यास पुरत नाही.

मुदतीचंही तसंच. तीन परीक्षा म्हणजे लगेच येणाऱ्या तीन. फॉर्म भरला नाही, तरी तो अटेंप्ट मोजला जातो. वर्षाला दोन परीक्षा होत्या तेव्हा ही सवलत दीड वर्ष पुरायची. २०२४ पासून इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागली, त्यामुळे मेमध्ये मिळालेली सवलत सप्टेंबर, जानेवारी आणि पुढच्या मेपुरतीच राहिली.

मला सगळ्यात जाचक वाटते ती आणखी एक अट. सप्टेंबरमध्ये पुतणीला लॉमध्ये ६१ आणि टॅक्समध्ये ३८ पडले, तर ग्रुप जाईलच, शिवाय त्या ६१ वर नवी सवलतही मिळणार नाही. जुनी सवलत संपेपर्यंत त्या ग्रुपमध्ये दुसरी लागत नाही. जानेवारीत लॉ पुन्हा द्यावाच लागेल.

नव्या अभ्यासक्रमात एक वाट ठेवली आहे. तिन्ही अटेंप्ट संपल्यावर तो पेपर कायमचा सोडवून घेता येतो, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नव्हे, ५० लागतात. आज लॉ ४३ आणि टॅक्स ४४ पडले तर पुतणीचा ग्रुप १५३ वर सुटेल. कायमची सवलत घेतल्यावर त्याच मार्कांवर ती नापास ठरेल.

म्हणून मी तिला सांगितलंय, सप्टेंबर सोडू नकोस आणि टॅक्सला जास्त वेळ दे.