नकार कळवताना कारण लिहा

शाळेच्या बाकांसाठी निविदा मागवल्या. एका पुरवठादाराचा एका वर्षाचा उलाढालीचा दाखला जोडायचा राहिला आणि तो तांत्रिक छाननीत बाद झाला. ‘आपली निविदा अपात्र ठरली’ एवढेच कळवले, तर काम आधीच ठरले होते असा त्याचा समज होतो. पुढच्या वेळी तो फिरकत नाही. त्याऐवजी लिहावे: ‘अट क्रमांक ७ प्रमाणे २०२२-२३चा दाखला नव्हता, म्हणून दराचा लिफाफा उघडता आला नाही.’ मोघम शेरा नको आणि पुढच्या कामाचे आश्वासन तर मुळीच नको. केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांनुसार निविदाकाराने विचारल्यास कारण सांगावेच लागते. पहिल्या टप्प्यात बाद झालेल्याची बयाणा रक्कम त्या निकालापासून ३० दिवसांत परत करायची असते. ती कधी मिळेल, हेही पत्रातच लिहा.